स्वस्त चहा महागला की कप फिका होतो

एका पोत्यात 240 रुपये किलोचा चहा आहे, दुसऱ्यात 320 रुपये किलोचा. गिऱ्हाइकाला हवाय मिक्स चहा आणि दुकानदाराला तो किलोमागे नेमका 270 रुपयांत पडायला हवा. कुठला किती घ्यायचा? क्ष धरायची गरज नाही, समीकरण मांडायची गरज नाही. दोन वजाबाक्यांत काम होतं.

320 मधून 270 गेले, उरले 50. 270 मधून 240 गेले, उरले 30. आता हे दोन आकडे तिरपे वाचायचे. महाग चहाच्या वजाबाकीतून आलेले 50 भाग स्वस्त चहाचे आणि स्वस्त चहाच्या वजाबाकीतून आलेले 30 भाग महाग चहाचे. म्हणजे पाचास तीन. 24 किलो मिक्स करायचं असेल तर 15 किलो स्वस्त आणि 9 किलो महाग. ताळा घ्या: 3600 रुपये अधिक 2880 रुपये, एकूण 6480. भागिले 24, बरोबर 270.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये हाच अलिगेशनचा नियम. डावीकडे दोन भाव, मधे हवा तो भाव, उजवीकडे तिरप्या रेघांनी आलेली उत्तरं. कागदावर चक्क एक फुली दिसते. या छोट्याशा फुलीत काही फार मजेदार गोष्टी दडल्यात.

तिरपंच का वाचायचं?

पाठ करणाऱ्यांचा घोळ नेहमी इथेच होतो. तो टाळायला पाठांतर नको, हिशेब बघा. स्वस्त चहाचा प्रत्येक किलो 270 च्या मालात गेला की 30 रुपये उरवतो. महाग चहाचा प्रत्येक किलो 50 रुपये खातो. उरलेले आणि खाल्लेले पैसे सारखे झाले की भाव 270 वर स्थिर. पाच स्वस्त किलो 150 रुपये उरवतात, तीन महाग किलो 150 रुपये खातात. मिटलं! महाग मालाचा खड्डा 50 रुपयांचा, म्हणून तो भरायला स्वस्त मालाचे भाग 50. दांडीच्या तराजूत असंच होतं: आधारापासून लांब टांगलेल्या पारड्यात वजन कमी लागतं, जवळच्या पारड्यात जास्त.

चूक झाली का हे ओळखायची खूणही यातच आहे. हवा तो भाव ज्या मालाच्या भावाजवळ असेल, त्या मालाचा वाटा मोठा यायला हवा. 270 हा आकडा 240 च्या जवळ आहे, म्हणून स्वस्त चहा जास्त. कोणी सरळ वाचून तीनास पाच घेतलं, तर मिक्स 290 रुपयांना पडतं आणि किलोमागे 20 रुपये गेले.

आता खरी गंमत

समजा महाग चहा 30 रुपयांनी चढला, 320 चा 350 झाला. दुकानदाराला मिक्सचा भाव हलवायचा नाही. नवी फुली: 350 वजा 270 म्हणजे 80, आणि 270 वजा 240 म्हणजे 30. आठास तीन. पूर्वी एक किलोच्या पुड्यात 375 ग्रॅम चांगला चहा होता, आता सुमारे 273 ग्रॅम. कप थोडा फिका होणार, हे अपेक्षितच.

आता उलटं धरा. महाग चहा 320 लाच आहे, पण स्वस्त चहा 15 रुपयांनी चढला. 240 चा 255 झाला. वाढ निम्मीच आणि तीही साध्या मालात. चांगल्या चहाला धक्का लागायचं कारण नाही, असं वाटतं ना? फुली मांडा. 320 वजा 270 म्हणजे 50, आणि 270 वजा 255 म्हणजे 15. दहास तीन! एक किलोच्या पुड्यात चांगला चहा आता जेमतेम 231 ग्रॅम.

साधा चहा 15 रुपयांनी महागल्यावर पुड्यातून जितका चांगला चहा गेला, तितका चांगला चहा स्वतः 30 रुपयांनी महागूनही गेला नव्हता. मला या नियमातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कारण साधं आहे. महाग चहाचा खर्च स्वस्त चहाच उचलत असतो. त्याचा प्रत्येक किलो 30 रुपये उरवत होता, आता 15 उरवतो. उरवण्याची ताकद अर्ध्यावर आली. एक किलो चांगला चहा पोसायला पूर्वी एक किलो 667 ग्रॅम साधा चहा पुरायचा, आता सव्वातीन किलोंहून जास्त लागतो. आणि साधा चहा 270 ला टेकला, तर फुलीत एका बाजूला शून्य येतं. तेव्हा चांगल्या चहाचा एक चमचाही त्या भावात बसत नाही.

हे झालं भाव धरून ठेवायचा तर. चव धरून ठेवायची, म्हणजे पाचास तीन हे प्रमाण मोडायचं नाही असं ठरवलं, तर चित्र पालटतं. महाग चहा 350 झाला तर मिक्स 281 रुपये 25 पैशांना पडतं. साधा चहा 255 झाला तर सुमारे 279 रुपये 40 पैशांना. खिशाला महाग चहाची वाढ जास्त लागते, चवीला स्वस्त चहाची. म्हणून ज्या दुकानाचा भाव वर्षभर हललेला नाही, तिथल्या चहाचा रंग बदलला का, हे बघणं शहाणपणाचं.

नफा आधी काढा

परीक्षेत आणि दुकानात दोन्हीकडे फसवणारी जागा ही. गणित म्हणतं: मिक्स 324 रुपयांनी विकून खरेदीवर 20 टक्के नफा हवा. कोणी 324 हाच आकडा फुलीच्या मधे ठेवला, तर लगेच गाडी अडते, कारण 320 मधून 324 जात नाहीत. उणे उत्तर आलं की समजावं, हवा तो भाव दोन भावांच्या मधे नाही. स्वस्त आणि महाग माल कसाही मिसळला तरी सरासरी त्या दोघांच्या बाहेर पडू शकत नाही. मधे ठेवायचा तो मालाचा पडलेला भाव, विक्रीचा नाही.

म्हणून 324 ला 1.2 ने भागायचं. आले 270. इथे दुसरा सापळा आहे. पुष्कळ जण 324 चे 20 टक्के वजा करतात आणि 259 रुपये 20 पैसे मधे ठेवतात. मग प्रमाण येतं साधारण 3.2 ला एक आणि चांगला चहा विनाकारण कमी होतो. तो माल 324 ला विकला तर खरेदीवर 25 टक्के सुटतात. खरेदीवर 20 टक्के आणि विक्रीवर 20 टक्के या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यातलं नेमकं काय हवंय, ते फुली काढण्याआधी ठरलेलं असावं.

दुकानात आणखी एक पाहुणा असतो, घट. चाळताना, ओतताना, पुड्या बांधताना थोडा माल जातोच. समजा 100 किलोंतले 2 किलो गेले. 6480 रुपयांचा 24 किलो माल 23 किलो 520 ग्रॅम उरला, म्हणजे किलोला साडेपाच रुपये जास्त पडले. घट धरायची तर 270 ला 0.98 ने गुणून आलेले 264 रुपये 60 पैसे मधे ठेवायचे. वजाबाक्या येतात 55.4 आणि 24.6, म्हणजे जवळजवळ तंतोतंत नवास चार. फक्त दोन टक्के घट आणि पाचास तीनचं प्रमाण नवास चारवर आलं! सव्वा किलो चांगल्या चहामागे पूर्वी दोन किलो 83 ग्रॅम साधा चहा लागत होता, आता दोन किलो 813 ग्रॅम लागतो.

पोत्याच्या वरचा पुडा, पोत्याच्या तळचा पुडा

फुली सरासरी सांगते. ती सरासरी प्रत्येक पुड्यात पोचली का, हे ती सांगत नाही. स्वस्त माल बारीक डस्ट आणि महाग माल मोठा दाणेदार असेल, तर डबा हलला की डस्ट दाण्यांच्या फटींतून खाली उतरते. वरच्या पुड्यांना चांगला चहा जास्त मिळतो, तळच्या पुड्यांना डस्ट जास्त. एकूण मालाचा भाव 270 बरोबरच असतो, पण शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पुड्याचा नसतो.

तपासायला मोठं यंत्र लागत नाही. डब्याच्या वरून 100 ग्रॅम घ्या, तळातून 100 ग्रॅम घ्या. दोन्ही बारीक चाळणीने चाळा आणि खाली पडलेली डस्ट तोला. पाचास तीन मिक्समध्ये दोन्हीकडे साडेबासष्ट ग्रॅमच्या आसपास यायला हवी. वर 50 आणि खाली 75 आली, तर गणित बरोबर आहे पण माल पुन्हा कालवायला हवा.

हीच फुली, नऊशे वर्षांपूर्वी

भास्कराचार्यांची लीलावती 1150 च्या सुमाराची. तिच्यात सोनं मिसळण्याच्या गणितांचा वेगळा भाग आहे. तिथे सोन्याचा कस वर्णात मोजलाय, आणि 16 वर्ण म्हणजे शुद्ध सोनं. एक उदाहरण असं: एक गोळी 16 वर्णाची, दुसरी 10 वर्णाची. दोन्ही एकत्र वितळवल्यावर 12 वर्णाचं सोनं झालं, तर प्रत्येकीचं वजन किती? भास्कराचार्यांची रीत हुबेहूब आपल्या फुलीची: मोठ्या वर्णातून हवा तो वर्ण वजा केला की उत्तर हलक्या सोन्याचं, आणि हव्या वर्णातून लहान वर्ण वजा केला की उत्तर भारी सोन्याचं. 12 वजा 10 म्हणजे 2 भाग 16 वर्णाचे. 16 वजा 12 म्हणजे 4 भाग 10 वर्णाचे. दोनास चार. पट कितीही केली तरी चालते, फक्त प्रमाण पक्कं.

दुसरं एक गणित मला अधिकच आवडतं, कारण त्यात घटही आहे. 13, 12, 11 आणि 10 वर्णांचं सोनं अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 मासे. सगळं वितळवलं. वर्ण आणि वजन यांचे गुणाकार मिळून 240, वजन 20 मासे, म्हणून मिश्रण 12 वर्णाचं. आता ते शुद्ध करताना हीण जळालं आणि 16 मासे उरले, तर वर्ण किती? 240 ला 16 ने भागा, 15 वर्ण. वर पाहिलेल्या चहात घटीने भाव चढला, इथे कस चढला. माल कमी होतो, पण त्यातलं मोल एकूण तेवढंच राहतं, म्हणून उरलेल्या प्रत्येक माशात ते दाट होतं.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ उभारला. तसा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. तो उजेडात आणला भाऊ दाजी लाड यांनी.

आजचा सोनार वर्णाऐवजी कॅरट बोलतो. 24 कॅरटचं शुद्ध सोनं आणि घरातलं जुनं 18 कॅरट मिसळून 22 कॅरट करायचं, तर 4 भाग शुद्ध, 2 भाग जुनं, म्हणजे दोनास एक. दागिन्यावरचा 916 हा शिक्का 22 ला 24 ने भागून आलेला. शुद्ध सोन्यात नुसतं तांबं घालायचं तर तांब्याचे कॅरट शून्य धरायचे. फुली सांगते 22 भाग सोनं, 2 भाग तांबं: अकरास एक.

किलो आणि लिटर एका फुलीत बसत नाहीत

कॅरट वजनावर मोजतात, म्हणून सोन्याचा हिशेब चोख लागतो. तेलाचं तसं नाही. खाद्यतेलाचा एक लिटर भरतो साधारण 910 ग्रॅम. एक तेल 150 रुपये लिटर आणि दुसरं 165 रुपये किलो असेल, तर फुलीत 15 रुपयांचा फरक दिसेल. खरं तर दोन्हींचा भाव जवळजवळ एकच! 150 ला 0.91 ने भागा, किलोचा भाव 165 च्या घरात येतो. दोन्ही भाव आधी एकाच मापात आणायचे, आणि उत्तरातले भागही त्याच मापाचे समजायचे. किलोच्या भावांवरून आलेलं पाचास तीन लिटरच्या मापट्याने ओतलं, तर दोन तेलांची घनता जितकी वेगळी तितकी चूक.

तेलात कायद्याचीही एक रेघ आहे. आपल्याकडे मिश्र खाद्यतेलात कुठल्याही घटक तेलाचं वजन एकूणाच्या 20 टक्क्यांहून कमी चालत नाही. फुलीचं उत्तर नवास एक आलं, तर हिशेब बरोबर असूनही तो माल विकता येत नाही. भावांत फरक मोठा असला की असं उत्तर सहज येतं, मग हवा तो भावच सरकवावा लागतो.

एक फुली, एकच लक्ष्य

दूध खरेदीच्याच भावाने विकून 25 टक्के नफा कमावणाऱ्याचं गणित सगळ्यांनी शाळेत केलंय. पाण्याचा भाव शून्य धरा, पाणी आणि दूध एकास चार. पण दुधाकडून याहून चांगली गोष्ट शिकता येते आणि ती आपल्या मुंबईची आहे.

टोन्ड दूध मुंबईच्या दूध योजनेत 1946 मध्ये आलं, दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून. पुढे 1963 मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीचं दूध दाट आणि महाग. ते वाढवून परवडणाऱ्या भावात जास्त घरांत पोचवायचं होतं. टोन्ड दुधात फॅट 3 टक्के लागतं. म्हशीच्या दुधात 6 टक्के धरा, पाण्यात शून्य. फुली म्हणते 3 ला 3, निम्मं दूध, निम्मं पाणी. फॅट तंतोतंत जुळलं!

पण दुधात फॅटखेरीज प्रथिनं, साखर, क्षार असा ऐवज असतो. त्याला डेअरीत एसएनएफ म्हणतात आणि टोन्ड दुधात तो साडेआठ टक्के लागतो. म्हशीच्या दुधात तो सुमारे 9 टक्के, निम्मं पाणी घातल्यावर उरला साडेचार. एका फुलीने एकच आकडा साधतो, दुसरा जिथे जाईल तिथे जातो. त्यावर उपाय म्हणजे तिसरा पदार्थ, बिनसायीची दूध भुकटी. 100 किलो टोन्ड दुधासाठी 50 किलो म्हशीचं दूध, चार किलोंहून थोडी जास्त भुकटी, उरलेलं पाणी सुमारे 46 किलो. भुकटीत फॅट नगण्य असल्याने पहिली फुली बिघडत नाही आणि साडेचारचे साडेआठ होतात. पाणी घालून पातळ केलेलं दूध आणि टोन्ड दूध यांतला सारा फरक त्या चार किलो भुकटीत आहे.

आणि तिसरा चहा आला तर?

परत पोत्यांकडे. 240 आणि 320 च्या जोडीला 300 रुपयांचा सुगंधी चहा आलाय, मिक्स मात्र 270 लाच हवं. फुली दोघांचीच असते, म्हणून जोड्या लावायच्या. 240 ची जोडी 300 शी: 30 ला 30, एकास एक. 240 ची जोडी 320 शी: पाचास तीन. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या 270 च्याच पडतात, म्हणून एकत्र ओतल्या तरी 270 च. साधा 6 भाग, सुगंधी 1, महाग 3. ताळा: 1440, 300 आणि 960 मिळून 2700, भागिले 10.

पण पहिली जोडी दुप्पट घेतली तर? साधा 7, सुगंधी 2, महाग 3. ताळा: 1680, 600 आणि 960 मिळून 3240, भागिले 12, पुन्हा 270. तिप्पट घ्या, अर्धी घ्या, भाव ढळत नाही. दोन चहांत उत्तर एकच होतं, तिसरा येताच उत्तरांना अंत राहिला नाही. म्हणून दुकानदार यातली चार-पाच प्रमाणं निवडतो, प्रत्येकाचं 100 ग्रॅमचं नमुना मिक्स करतो, एकाच मापाचं पाणी आणि दूध घालून सगळ्यांचा चहा उकळतो आणि जे मिक्स जिभेला पटेल त्याचं प्रमाण पोत्यावर लिहून ठेवतो.